ग्रंथालयाचा देवघेव अहवाल पहिल्यांदा करताय? आधी नूतनीकरणं वेगळी काढा

‘सर्वाधिक वाचली गेलेली पुस्तकं’ ही यादी सॉफ्टवेअरमधून निघते तशीच जोडू नका. बऱ्याचदा त्यात नवी देवाण आणि नूतनीकरण एकत्र मोजलेलं असतं. समजा, वर्षभरात एका पुस्तकाच्या नोंदी 40 दिसतात, दुसऱ्याच्या 26. उघडून पाहिलं तर पहिल्यात 22 नूतनीकरणं, म्हणजे देवाण फक्त 18, तीही चार प्रतींवर. दुसऱ्याची एकच प्रत आणि 26 ही सगळी नवी देवाण. मुदत 14 दिवसांची असेल तर 26 गुणिले 14 म्हणजे 364 दिवस. ते पुस्तक वर्षभर कपाटात टिकलेलंच नाही! दुसरी प्रत घ्यायला हवी ती याची. मोजणी दाखल क्रमांकावर नको, शीर्षकावर करा. नाहीतर चार प्रती चार ओळींत विखुरतात.

मुदतबाह्य यादी हाती आली की वाचकाला स्मरणपत्र पाठवण्याआधी कपाट तपासा, हे मी कळकळीने सांगते. परतीची नोंद राहून गेलेलं पुस्तक जागेवरच सापडतं, आणि प्रामाणिक वाचक उगाच दुखावतो. यादीवर ‘अमुक तारखेअखेर’ असं लिहाच, कारण ती रोज बदलते.

दंडाचे आकारलेला, जमा, माफ आणि बाकी असे चार रकाने ठेवा. पावतीपुस्तकाशी जुळवायचा तो फक्त जमा. त्यात मागच्या वर्षीची थकबाकीही येते, त्यामुळे यंदाच्या आकारणीशी तो जुळला नाही तर घाबरू नका.