'तरंग ५ दिवस' म्हणजे नक्की काय? साइटवरचे चार प्रश्न

पाथर्डी फाट्याला जी प्लस फोरची साइट बघतो. ऑफिसने प्लॅनची मराठी कॉपी दिलीय, त्यात ब्लॉकच्या ऑर्डरसमोर 'तरंग ५ दिवस' आणि स्लॅबच्या लाइनवर 'टीकात्मक मार्ग' लिहिलंय. कोणाची टीका?

टीका कोणाचीच नाही हो, भाषांतर करणाऱ्याने डिक्शनरीतला पहिला शब्द उचललाय! तो क्रिटिकल पाथ आहे, म्हणजे एकामागे एक अडकलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी, आणि तरंग म्हणजे फ्लोट, साइटच्या भाषेत सवड. तुमचंच उदाहरण घेऊ. शेवटचा स्लॅब आज भरला, त्याखालचे टेके १४ दिवसांनी काढणार आणि मग ब्लॉकचं बांधकाम १० दिवस, म्हणजे २४ दिवस. ब्लॉकची ऑर्डरही आजच गेली, ९ दिवसांत माल येणार, पण लागणार १४व्या दिवशी. मधले ५ दिवस ती सवड. ट्रक ५ दिवस उशिरा आला तर कोणाला फोन करायची गरज नाही. ८ दिवस उशीर झाला तर मात्र माल १७व्या दिवशी येईल, बांधकाम २७व्या दिवशी संपेल आणि क्रिटिकल पाथ ब्लॉकच्या ऑर्डरवरून जायला लागेल, सवड आता टेक्यांकडे, ती पण ३ दिवसांची. प्लॅन महिनोन्महिने अपडेट झाला नाही की क्रिटिकल पाथची लाल लाइन जुन्याच कामावर राहते आणि माणूस भलत्याच ठेकेदाराच्या मागे लागतो, हे मी स्वतः केलंय.

त्याच प्लॅनमध्ये स्लॅब आणि टेके काढणे यांच्यामध्ये 'अंतर १४ दिवस' आहे. जास्त लेबर लावलं तर कमी होईल का?

नाही. हा लॅग आहे, यात कोणी काम करत नाही, काँक्रीट काम करतंय. काँक्रीटचा भारतीय कोड आयएस ४५६, त्यात ४.५ मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या स्लॅबचे टेके ७ दिवसांनी, त्यावरच्या स्पॅनला १४ दिवसांनी, आणि ६ मीटरवरच्या बीमला २१ दिवसांनी काढायचे आहेत. पण ते साधं ओपीसी सिमेंट, नीट क्युरिंग आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नाही असं धरून. आता डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या रात्री त्याच्या बऱ्याच खाली जातात, आणि आजकाल बरंचसं काँक्रीट पीपीसी सिमेंटचं नाहीतर फ्लाय ॲश टाकलेलं असतं, ते ताकद हळू धरतं, त्यामुळे हिवाळ्यात १४ हा आकडा कमी करायचा सोडा, वाढवायला लागेल, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून आणि क्यूबचा रिझल्ट बघून. लेबर वाढवायचं तर ब्लॉकच्या १० दिवसांत वाढवा, तिथे फरक पडतो.

जोखीम नोंदवहीत 'सिंहस्थामुळे मिक्सर अडणे, जोखीम मालक: साइट मॅनेजर' असं आहे. सिंहस्थाचा मालक मी कसा?

मालक म्हणजे रिस्क ओनर, दोष ज्याच्या माथी मारायचा तो नाही, लक्ष ठेवायचं काम ज्याच्याकडे आहे तो. मी त्या जागी सरळ 'कोण बघणार' लिहितो.

पण ती एन्ट्रीच चुकीची लिहिलीय. पर्वणीच्या तारखा आधी जाहीर होतात, आणि त्या दिवशी जड गाड्या अडतील हे नाशिकात कोणाला सांगावं लागत नाही. जे नक्की होणार ती रिस्क नाही, ते कॅलेंडरमध्ये टाकायचं आणि त्या दिवशी स्लॅब धरायचाच नाही. खरी रिस्क ही, की पावसामुळे सळई बांधणं लांबलं तर स्लॅब घसरत पर्वणीवर जाईल आणि मिक्सर येणार नाही. कारण, घटना, परिणाम, तिन्ही एका वाक्यात आले. आता नजर ठेवायची खूण पण टाका, कास्टिंगच्या ३ दिवस आधी बीमची सळई पूर्ण नसेल तर तारीख लगेच पुढे ढकलायची. मिक्सर निम्म्या रस्त्यात अडकल्यावर ठरवलं तर मधेच कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, पडतो.

मी सिडकोत राहून अशा प्लॅनचं भाषांतर करते. मिटिगेशनला 'शमन' आणि कंटिंजन्सीला 'आकस्मिकता' लिहिलं, तर साइटवरून हसून परत आलं. काय लिहू?

मिटिगेशनला 'आधी काय करायचं', कंटिंजन्सीला 'झालंच तर काय करायचं'. वरच्या केसमध्ये कास्टिंग पर्वणीपासून लांब ठेवणं हे पहिलं, आणि मिक्सर अडलाच तर इंजिनिअरने आधी ठरवून दिलेल्या जागी काम थांबवणं हे दुसरं. प्लॅनमध्ये कंटिंजन्सी पैशांच्या कॉलममध्ये असेल तर मात्र 'राखीव रक्कम' लिहा. रिस्क आणि इश्यू दोन्हीला 'अडचण' लिहू नका, रिस्क अजून व्हायची असते, इश्यू झालेला असतो, दोन्ही एकच केले तर मॅनेजरला कळतच नाही की आज धावायचंय की नुसतं लक्ष ठेवायचंय. क्रिटिकल पाथ आणि फ्लोट हे शब्द देवनागरीत तसेच ठेवा, ठेकेदारापासून इंजिनिअरपर्यंत सगळे तेच बोलतात, फक्त पहिल्यांदा आले तिथे बाजूला 'सवड' वगैरे एकदा लिहून टाका.