केस झाकणे आणि चेहरा झाकणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत

«ताई, माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, आम्ही शाफई. सासर मालेगावचं, हनफी. माहेरी आम्ही सगळ्याजणी डोक्यावरून नीट ओढणी घेतो, चेहरा उघडा असतो. सासूबाई म्हणतात, चेहरा झाकला नाही तर तो पर्दाच नव्हे. नणंद म्हणते, कुराणात डोकं झाकायला सांगितलेलंच नाही. मी शाळेत शिकवते. आपल्या धर्मात हे का सांगितलं आहे, या दोघींत बरोबर कोण, आणि मी काय करू?»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातला वाद सोडवायचा तर आधी त्यातले तीन प्रश्न वेगळे करायला हवेत. अंगभर आणि शालीन कपडे घालावेत का, केस झाकावेत का, आणि चेहरा झाकावा का, हे ते तीन प्रश्न. पहिल्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद नाही. दुसऱ्याबद्दल जुन्या काळात जवळपास एकमत होते आणि आज काही अभ्यासक वेगळे मत मांडतात. तिसऱ्याबद्दल मात्र अगदी पहिल्या पिढीपासून दोन मते आहेत.

शालीन पोशाख का सांगितला आहे, हे समजण्यासाठी एकट्या आयतीऐवजी सूरह नूर सुरुवातीपासून वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. या सूरहमध्ये चारित्र्यवान स्त्रीवर पुराव्याविना आळ घेणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा आधी येते. मग हजरत आयेशा यांच्यावर घेतल्या गेलेल्या खोट्या आळाचा प्रसंग येतो, आणि त्यानंतर दुसऱ्याच्या घरात परवानगी व सलामाशिवाय शिरू नये, हा नियम येतो. पुढे तिसाव्या आयतीत पुरुषांना नजर खाली ठेवण्याची आज्ञा आहे आणि स्त्रियांच्या पोशाखाचा विषय त्यानंतर, एकतिसाव्या आयतीत येतो. म्हणजे हा सगळा भाग एकमेकांची अब्रू, एकांत आणि प्रतिष्ठा जपण्याबद्दल आहे आणि त्यातली पहिली जबाबदारी पुरुषाच्या नजरेवर आहे. हया, म्हणजे लज्जा आणि संकोच, ही ईमानाची एक शाखा आहे असे हदीसमध्ये सांगितले आहे आणि ते पुरुषांनाही तितकेच लागू आहे. स्त्रीच्या कपड्यांवर तासभर बोलून पुरुषांच्या नजरेवर एक वाक्यही न बोलणारा माणूस ही शिकवण अर्धीच सांगत असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता नणंदेच्या म्हणण्याकडे वळू. एकतिसाव्या आयतीत स्त्रियांनी आपले ‘खिमार’ छातीवर ओढून घ्यावेत, असे शब्द आहेत. त्या काळच्या अरब स्त्रिया डोक्यावर वस्त्र घेत, पण त्याची टोके पाठीमागे सोडत, त्यामुळे गळा आणि छाती उघडी राही, असे जुने भाष्यकार सांगतात. डोके झाकलेले आहे हे आयत गृहीत धरते आणि तेच वस्त्र पुढे घ्यायला सांगते, असा अर्थ त्यांनी घेतला. हनफी, मालिकी, शाफई, हंबली आणि शियांचे जाफरी, या सर्व पंथांनी त्यावरून परक्या पुरुषासमोर केस झाकणे आवश्यक मानले.

याउलट पाकिस्तानात जन्मलेले विद्वान जावेद अहमद गामिदी यांच्यासारखे काही आधुनिक अभ्यासक म्हणतात की आयतीची आज्ञा छाती झाकण्याची आणि साजशृंगार न मिरवण्याची आहे. डोक्यावर वस्त्र घेणे ही चांगली रीत आहे, पण आयतीने ते स्वतंत्रपणे बंधनकारक केलेले नाही, असे ते मानतात. खालिद अबू एल फदल यांच्यासारखे अभ्यासक आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतात. जुन्या फिकहमध्ये, म्हणजे धर्माच्या कायदेशास्त्रात, गुलाम स्त्रीला केस झाकण्याचे बंधन नव्हते. केस उघडे राहणे हेच जर मुळात निषिद्ध असते, तर हा फरक का केला गेला, असा प्रश्न ते विचारतात. हा प्रश्न गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. तरीही नणंदेने हे अल्पमत आहे, एवढे तरी प्रामाणिकपणे सांगायला हवे. ‘कुराणात उल्लेखच नाही’ असे म्हणून चौदा शतकांचे वाचन एका वाक्यात निकालात काढता येत नाही.

सासूबाईंचा मुद्दा वेगळा आहे. त्याच आयतीत स्त्रियांनी आपली शोभा दाखवू नये, ‘जे आपोआप दिसते ते सोडून’, असे म्हटले आहे. आपोआप दिसते ते कोणते? इब्न अब्बास यांच्या नावाने आलेल्या मतानुसार चेहरा आणि हात. इब्न मसऊद यांच्या मतानुसार फक्त वरचे कपडे. दोघेही पैगंबरांचे सहवासी होते, आणि आजचा सारा वाद याच दोन उत्तरांतून वाढलेला आहे. चेहरा व हात उघडे ठेवण्याच्या बाजूने अबू दाऊद यांच्या संग्रहातली एक हदीस सांगितली जाते, पण तिच्या कथनसाखळीत एक दुवा तुटलेला आहे, हे खुद्द अबू दाऊद यांनीच नोंदवले आहे. म्हणून केवळ तिच्या भरवशावर वाद घालू नका.

तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की सासरच्या हनफी परंपरेचाच मूळ निर्णय तुमच्या बाजूचा आहे. आपल्याकडच्या मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ या ग्रंथात चेहरा आणि हात झाकण्यातून वगळले आहेत, आणि कारणही दिले आहे की स्त्रीला देण्याघेण्याच्या व्यवहारासाठी पुरुषांशी बोलावे लागते. पुढच्या हनफी फकिहांनी तरुण स्त्रीने चेहरा झाकावा असे सांगितले, पण चेहरा सतरमध्ये, म्हणजे मुळातच झाकणे बंधनकारक असलेल्या भागात, येतो म्हणून नव्हे, तर ‘फितना’, म्हणजे मोहातून अनर्थ, होण्याच्या भीतीने, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. म्हणजे तो परिस्थिती पाहून दिलेला खबरदारीचा निर्णय आहे. उलट तुमच्या माहेरच्या शाफई पंथात नंतरच्या अनेक उलेमांनी चेहरा झाकण्याकडे कल दाखवला आहे. तेव्हा ‘आम्ही शाफई, म्हणून आम्हाला चालते’ हा युक्तिवाद तुमच्या उपयोगाचा नाही.

सासूबाईंचे मतही निराधार नाही. औरंगाबादेत जन्मलेले मौलाना मौदूदी आणि सौदी अरेबियाचे शेख बिन बाझ यांनी चेहरा झाकण्याच्या बाजूने ठाम लिखाण केले. पण बिन बाझ यांचेच समकालीन आणि हदीसचे नामांकित अभ्यासक अल्बानी यांनी ते अनिवार्य नसल्याचे मांडले. २००९ मध्ये कैरोच्या अल-अझहर या धर्मपीठाचे तेव्हाचे प्रमुख शेख तंतावी यांनी नकाब ही रूढी असल्याचे सांगितले, जरी केस झाकणे ते आवश्यक मानत होते.

म्हणून तुम्ही शाळेत ओढणी घेऊन आणि चेहरा उघडा ठेवून जाता, यात बहुसंख्य उलेमांच्या मताबाहेरचे काही नाही. सासूबाईंशी बोलण्यापूर्वी पतीशी बोला, कारण या वादात त्यांनी गप्प राहणे योग्य नाही. मग दोघांनी मिळून सासूबाईंचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा हनफी आलिमकडे जावे आणि नेमका हाच प्रश्न विचारावा: ‘चेहरा सतरमध्ये येतो का, की फितन्याच्या भीतीने झाकायला सांगितला आहे?’ ‘पर्दा करावा का’ असे मोघम विचारलेत तर उत्तरही मोघमच मिळेल. उत्तर ऐकताना सासूबाई सोबत असाव्यात, म्हणजे ते सुनेचे मत न राहता त्यांच्याच परंपरेचे मत म्हणून त्यांच्यापर्यंत पोहोचेल. आणि त्या स्वतः नकाब वापरत असतील, तर त्याबद्दल घरात कोणी, नणंदेनेसुद्धा, हिणवून बोलू नये, हे तुम्हीच आधी सांगा.