फोटोतल्या गोषवाऱ्याचं भाषांतर: वर चढलेले बारीक अंक आधी ओळखा

प्रश्न: एका विद्यार्थिनीला सूक्ष्मजीवशास्त्रातल्या शोधनिबंधाचा गोषवारा आणि की-वर्ड्स मराठीत हवे आहेत. माझ्याकडे फक्त छापील पानाचा फोटो आहे. तांत्रिक शब्द आणि संदर्भ देण्याची शैली न बदलता भाषांतर कसं करू?

उत्तर: मराठी वाक्य लिहायच्या आधी फोटोतला मजकूर अक्षरशः उतरवून काढा. विद्यार्थ्यांना अशी भाषांतरं करून देताना मी पाहिलंय की मोठ्या चुका बहुतेक वेळा इथेच होतात, भाषेत नाही. फोटोत DOI, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक, दिसत असेल तर तो https://doi.org/ च्या पुढे टाइप करा. निबंध विकतचा असला तरी गोषवारा बहुधा मोफत वाचता येतो आणि निम्मं काम वाचतं. पण तो मजकूर कॉपी केला तरी फोटो हाताशी ठेवाच, कारण वर चढवलेले बारीक अंक कॉपी करतानाही खाली उतरतात.

सगळा घोटाळा याच अंकांचा असतो. एकाच पानावर ते तीन वेगवेगळी कामं करतात. लेखकांच्या नावांवर असतील तर ते संस्थेची खूण असतात, संदर्भाची नव्हे. आकड्यावर असतील तर घातांक असतात. वाक्याच्या किंवा वाक्यांशाच्या शेवटी असतील तर संदर्भ-क्रमांक असतात. फोटोतून मजकूर ओळखणारं अ‍ॅप हे तिन्ही एका ओळीत आणून बसवतं.

उदाहरणासाठी मी रचलेला मजकूर घेऊ. समजा, फोटोतून असं निघालं:

```
5 x 105 CFU/mL
MIC 16 mg/mL3 (p < 0.05)
```

पहिल्या ओळीचा अर्थ लावला तर दर मिलिलिटरला फक्त ५२५ जिवाणू-वसाहती होतात. सूक्ष्मजीवशास्त्राशी परिचय असलेला माणूस इथेच थांबेल. द्रव माध्यमातल्या सौम्यीकरण पद्धतीत इनॉक्युलम, म्हणजे चाचणीसाठी सुरुवातीला सोडलेले जिवाणू, साधारण 5 × 10⁵ CFU/mL ठेवायचा प्रघात आहे, म्हणजे तो 5 घातांक आहे. दुसऱ्या ओळीत उलटा प्रकार आहे. मिलिलिटरचा घन हे एकक अशा निबंधात असूच शकत नाही, तेव्हा तो 3 संदर्भ-क्रमांक आहे. आणि mg बद्दलही शंका घ्या. मूळ चिन्ह µg असेल तर एका अक्षरापायी मात्रा हजारपट वाढली. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाचे हे आकडे सहसा µg/mL मध्ये येतात, तरी निर्णय आठवणीवर सोडू नका, फोटो मोठा करून पहिल्या अक्षराची खाली उतरलेली शेपटी बघा.

MIC म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारी औषधाची किमान संहती; तिचा आकडा तपासायला आणखी एक खूण आहे. सौम्यीकरणात औषधाची संहती पायरीपायरीने दुप्पट करतात: 0.25, 0.5, 1, 2, 4, 8, 16, 32. त्यामुळे एकाच नमुन्याचा MIC 18 किंवा 15 असा वाचला गेला असेल तर बहुधा 16 चाच एखादा अंक बिघडलाय. पट्टीवर केलेल्या चाचणीत मधले आकडे येऊ शकतात आणि सरासरी दिली असेल तर कुठलाही आकडा येऊ शकतो, म्हणून पद्धत कोणती तेही त्याच गोषवाऱ्यात शोधा.

आता भाषांतर. समजा, फोटो मोठा केल्यावर µg निघालं आणि या ओळी Escherichia coli वर सिप्रोफ्लॉक्सासिन तपासणाऱ्या, दोन गटांची तुलना करणाऱ्या निबंधातल्या आहेत, तर वरच्या मजकुराचं मी असं करेन:

> चाचणीत *Escherichia coli* चे इनॉक्युलम 5 × 10⁵ CFU/mL ठेवले. सिप्रोफ्लॉक्सासिनची किमान प्रतिबंधक संहती, म्हणजे MIC, 16 µg/mL आढळली.³ दोन गटांतील फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय होता (p < 0.05).

जिवाणूचं शास्त्रीय नाव रोमन लिपीत आणि तिरक्या अक्षरांत ठेवायचं. संज्ञा पहिल्यांदा येईल तिथे मराठी पर्याय आणि संक्षेप दोन्ही द्यायचे, पुढे फक्त MIC. विद्यार्थिनीला तक्त्यात आणि आलेखात हीच तीन अक्षरं दिसणार आहेत. मराठी पर्याय मनाने घडवू नका. भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत, तिथला शब्द घ्या, आणि तिच्या वर्गात वेगळा शब्द रुळला असेल तर तो. आकडे, एककं आणि p ची किंमत मुळातल्या इंग्रजी अंकांत आणि अक्षरांत राहू द्या, म्हणजे मुळाशी ताडून पाहता येईल. ‘लक्षणीय’च्या जागी ‘महत्त्वाचा’ लिहू नका, नाहीतर सांख्यिकीचा निष्कर्ष लेखकाचं मत होऊन बसतो. तसंच मुळात केवळ ‘संबंध आढळला’ असेल तर मराठीत ‘यामुळे झाले’ होता कामा नये. रुग्णांच्या नोंदींवरच्या अभ्यासात या एका ‘मुळे’ने निबंधाचा दावाच बदलतो.

संदर्भ-क्रमांकांची खरी अडचण मराठीच्या वाक्यरचनेत येते. क्रमांक वाक्याचा नसतो, विधानाचा असतो. समजा, मुळात आधी ‘प्रतिरोध वाढला’ हे विधान ³ सह आहे आणि नंतर ‘तरी ग्रामीण नमुन्यांत वाढ दिसली नाही’ हे ⁴ सह. मराठीत ‘दिसली नसली तरी’ असं आधी घेतलं तर ⁴ पुढे येतो आणि ³ मागे पडतो. मग कुणीतरी क्रम लावायच्या नादात आकडे बदलतं आणि दोन्ही विधानं चुकीच्या निबंधांच्या नावावर जातात. सोपा मार्ग म्हणजे वाक्य मुळाच्या क्रमाने तोडायचं: ‘प्रतिरोध वाढला;³ मात्र ग्रामीण नमुन्यांत वाढ दिसली नाही.⁴’ क्रमांक विरामचिन्हाच्या आधी आहे की नंतर, चौकटी कंसात आहे की वर चढवलेला, हे मूळ नियतकालिकाप्रमाणे ठेवा.

लेखक-वर्ष पद्धत असेल, जसं (Watson & Crick, 1953), तर कंसातलं अक्षरही बदलू नका, et al. सुद्धा नाही. APA शैलीत नावं वाक्यात आली तर & जाऊन मुळात and येतो, तिथे मराठीत ‘Watson आणि Crick (1953) यांनी’ असं लिहिता येतं. नावं देवनागरीत केली तर संदर्भसूचीत शोधताना तिला उगाच स्पेलिंगचा अंदाज बांधत बसावं लागेल. एरवी गोषवाऱ्यात संदर्भ क्वचितच असतात, म्हणून तिथे बारीक अंक दिसला की आधी घातांकाची शक्यता तपासा.

की-वर्ड्स भाषांतरासाठी कमी आणि शोधण्यासाठी जास्त असतात, त्यामुळे मूळ ओळ तशीच ठेवून खाली मराठी ओळ द्या.

```
Escherichia coli; ciprofloxacin; Drug Resistance, Bacterial
```

इथे शब्द तीन आहेत, चार नाहीत. शेवटचा वैद्यकीय विषयसूचीतला, म्हणजे MeSH मधला, एकच मथळा आहे आणि स्वल्पविराम त्याच्या पोटात आहे. मराठीत ‘जिवाणूंचा औषध-प्रतिरोध’ असा एकच शब्दसमूह होईल. ‘औषध-प्रतिरोध’ आणि ‘जिवाणुजन्य’ असे दोन तुकडे केलेले मी बरेचदा पाहिलेत. तसं झालं की मराठी ओळ मूळ ओळीशी जुळत नाही. अर्धविराम मोजले की ही चूक लगेच सापडते.

तिला देण्याआधी अर्थ बाजूला ठेवून फक्त अंक आणि चिन्हं फोटोशी जुळवून पाहा, शेवटाकडून सुरुवातीकडे. उलट दिशेने वाचलं की डोळे वाक्याच्या ओघात वाहून जात नाहीत, आणि < चं > झालेलं किंवा दशांशचिन्ह गळालेलं नजरेस पडतं.