मांजर चावल्यावर आधी काय करायचं, आणि दहा दिवस वाट बघावी का?

प्रश्न: काल रात्री आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमधलं मांजर अंगठ्याजवळ चावलं. दोन बारीक ठिपके आहेत, रक्त थोडंसंच आलं. मांजर ओळखीचं आहे, धडधाकट दिसतं. लगेच इंजेक्शनं घ्यावीत की दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवून मग ठरवावं? आणि हे कॅट स्क्रॅच फीवर काय असतं?

उत्तर: आजच जा. दहा दिवस मांजरावर लक्ष जरूर ठेवा, पण पहिलं इंजेक्शन घेऊन झाल्यावर. रात्री जखम नीट धुतली नसेल तर निघण्याआधी आत्ता धुवा. उशीर झाला असला तरी धुण्याचा उपयोग होतो.

मी बरीच वर्षं पालिकेच्या दवाखान्यात इंजेक्शनच्या खोलीत नर्स होते. कुत्रा चावलेला माणूस धावत येतो. मांजर चावलेला तिसऱ्या दिवशी येतो, तोही हात सुजल्यावर. त्याचं कारण हे दोन ठिपकेच. कुत्र्याच्या दाताने कातडी फाटते आणि ते दिसतं. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. तो आत जातो, बाहेर येतो आणि वरचं भोक मिटतं. लाळ मात्र आत स्नायूबंधापर्यंत, कधी सांध्यापर्यंत पोचलेली असते.

धुणं म्हणजे नळाखाली हात धरून परत घेणं नव्हे. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याखाली, साबण लावून. अंगाचा साबण चालतो, कपड्याचाही चालतो. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा साबणाला महत्त्व. नळाला पाणी नसेल तर कोणाला तरी तांब्याने धार धरायला सांगा. मग कोरडं करून बीटाडीन लावा. हळद, चुना, तिखट, तेल काही नको. जखम दाबून रक्त काढू नका, घट्ट पट्टीही बांधू नका. आणि सगळ्यात आधी त्या हातातली अंगठी आणि बांगड्या काढा. हे का सांगतेय ते पुढे कळेल.

आमच्या समोरच्या वहिनींचं उदाहरण देते. कोपरखैरण्याला राहतो आम्ही. रविवारी रात्री नऊच्या सुमारास पार्किंगमध्ये दोन बोके भांडत होते, ह्या सोडवायला गेल्या आणि त्यांतला एक अंगठ्याच्या बुडाशी चावला. तुमच्यासारखेच दोन ठिपके. त्यांनी हात धुतला, हळद दाबली आणि झोपल्या. सोमवारी सकाळी सहाला माझी बेल वाजली. लाटणं हातात धरता येईना. अंगठ्याखालचा उंचवटा लालबुंद, हात लावला तर गरम, आणि अंगठी बोटात रुतलेली. ती शेवटी कापावी लागली. चावल्यापासून जेमतेम नऊ तास झाले होते.

इतक्या लवकर सूज आली की बहुतेक वेळा तो पाश्चुरेला नावाचा जंतू असतो. तो मांजराच्या तोंडात एरवीही असतो, मांजर आजारी असायला लागत नाही. चावल्यावर बारा ते चोवीस तासांत तो हात सुजवतो. म्हणून हाताला खोल चावलं असेल तर सूज येण्याआधीच डॉक्टर तीन ते पाच दिवसांचं अँटिबायोटिक देतात, साधारणपणे अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एकत्र असलेलं. इथे एक चूक मी फार वेळा पाहिली आहे. घरात ॲझिथ्रोमायसिनच्या उरलेल्या गोळ्या असतात आणि लोक त्याच सुरू करतात. या जंतूवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. सेफॅलेक्सिनचंही तेच. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा, दुसरी औषधं आहेत.

बोट वाकलेलंच राहतंय, सरळ करताना जीव जातोय, सबंध बोट सुजलंय आणि तळहाताच्या बाजूने दाबलं तर पूर्ण रेषेत दुखतंय, असं झालं तर गोळ्यांची वाट बघू नका. पू स्नायूबंधाच्या आवरणात शिरल्याची ती खूण आहे. त्याच दिवशी सर्जनला हात दाखवायचा.

आता रेबीज. रक्त आलेला प्रत्येक चावा आणि ओरखडा तिसऱ्या श्रेणीत मोडतो, मग रक्त थेंबभर का असेना. त्यात लस आणि सिरम दोन्ही लागतात. रक्त न आलेला वरवरचा ओरखडा दुसऱ्या श्रेणीत येतो, त्याला लस पुरते. तुमचा प्रकार तिसरा आहे.

सिरम कशासाठी, तर लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिकारद्रव्यं तयार करायला आठवडाभर तरी लागतो. तोवर जखमेतल्या विषाणूला तिथेच अडवायला तयार प्रतिकारद्रव्य लागतं. म्हणून ते दंडात नाही, चावलेल्या जागीच टोचतात. वहिनींचं वजन ५४ किलो. माणसाच्या रक्तापासून केलेलं सिरम किलोला २० युनिट, म्हणजे त्यांना १०८० युनिट. घोड्याचं असेल तर किलोला ४०, म्हणजे २१६०. बारीक सुईने दोन्ही ठिपक्यांच्या आत आणि भोवती सावकाश भरलं, तेव्हा अंगठ्याचा उंचवटा ताणून पांढरा पडला होता. दुखतं, खोटं कशाला सांगू. त्या माझा दुसरा हात धरून बसल्या होत्या. घोड्याचं सिरम घेतलं असेल तर नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण क्वचित रिॲक्शन येते. काही ठिकाणी सिरमऐवजी मोनोक्लोनल अँटिबॉडी देतात, कामाची पद्धत तीच. पहिल्या दिवशी सिरम मिळालं नाही तर लस सुरू करा आणि सिरम शोधा. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते देता येतं, त्यानंतर नाही.

लस सरकारी ठिकाणी सहसा कातडीत देतात: दर खेपेला दोन्ही दंडांवर एकेक, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. ० म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस, चावल्याचा नव्हे. वहिनींचा पहिला डोस सोमवारी झाला, म्हणून पुढचे गुरुवारी, पुढच्या सोमवारी आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा सोमवारी. खासगीत स्नायूत घेतली तर पाच डोस असतात, ०, ३, ७, १४ आणि २८. कुल्ल्यावर घेऊ नका, तिथे लस नीट काम करत नाही. गरोदर बाईनेही ही लस घ्यायचीच असते.

मग दहा दिवसांचं काय? तो हिशेब चावल्याच्या दिवसापासून. मांजराच्या लाळेत विषाणू येतो तो त्याला लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधी, आणि लक्षणं आली की ते जगत नाही. म्हणून दहाव्या दिवशी मांजर ठणठणीत असेल, तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पण मांजर सातव्या दिवशी मेलं किंवा दिसेनासं झालं, तर तुम्ही वाट बघण्यात सात दिवस घालवलेले असतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून इंजेक्शनं आणि नजर बरोबरीने चालतात. मांजराला लस दिलेली आहे एवढ्यावरही थांबू नका. आमच्या बोक्याचा कान कापलेला होता, त्यामुळे ओळख पटत होती. वॉचमनकाका रोज संध्याकाळी मासळीची डोकी ठेवायचे आणि तो आला की मला मिस्ड कॉल द्यायचे. दहाही दिवस आला. स्नायूतली लस असेल तर अशा वेळी डॉक्टर १४ व्या दिवसाचा डोस वगळू शकतात. कातडीतली असेल तर चारही पूर्ण करायचे, तसे वहिनींनी केले. पुन्हा कधी चावलं तर ० आणि ३ असे दोनच डोस लागतात आणि सिरम लागत नाही, पण त्यासाठी हे कार्ड दाखवावं लागतं. त्याचा फोटो काढून ठेवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही तिथे सांगा. पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर देतील.

कॅट स्क्रॅच फीवर हा वेगळाच प्रकार आणि त्याची घाई नसते. माझा भाचा कळव्याला राहतो, नऊ वर्षांचा आहे. त्याने मांजरीचं पिल्लू घरी आणलं, त्याने मनगटावर ओरबाडलं. आठवड्याने तिथे छोटी पुळी आली, कुणी लक्ष दिलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी काखेत आवळ्याएवढं अवधाण आणि बारीक ताप. काखेत गाठ म्हटल्यावर आपल्याकडे पहिली शंका टीबीची येते, आणि ती तपासावीच लागते. बहीण पिल्लाबद्दल बोललीच नव्हती. मी मनगटावरची पुळी दाखवली तेव्हा डॉक्टरांनी बार्टोनेलाची रक्ततपासणी लिहून दिली.

बार्टोनेला हेन्सेली हा जंतू मांजरांत पिसवांमुळे पसरतो. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्यात येते. पिल्लांत हा जंतू जास्त आढळतो. पिल्लाच्या केसांत काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर चोळून बघा. तांबूस डाग उठला तर ती पिसवांची घाण आहे, कारण त्यात पचलेलं रक्त असतं. पशुवैद्याकडून पिसवांचं औषध आणा, कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका.

धडधाकट माणसात ही गाठ बहुतेक वेळा दोन ते चार महिन्यांत आपोआप जिरते. भाच्याला डॉक्टरांनी पाच दिवस ॲझिथ्रोमायसिन दिलं, इथे ते खरंच उपयोगी पडतं. गाठ जायला अडीच महिने लागले. गाठीत पू झाला तर तो सुईने ओढून काढतात, सहसा चिरत नाहीत. घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल, कोणी स्टेरॉइड घेत असेल किंवा एचआयव्ही असेल, तर मात्र साध्या ओरखड्यानंतरचा तापही अंगावर काढायचा नाही. डोळा लाल होऊन कानापुढे गाठ आली तरी दाखवायचं.

तुम्ही ऐरोलीत आहात, तर तिथल्या पालिका रुग्णालयातच आधी जा. नाहीतर वाशी आणि नेरूळलाही पालिकेची रुग्णालयं आहेत, ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. गेल्यावर नुसतं “मांजर चावलं” म्हणू नका. “हाताला चावलंय, रक्त आलंय, सिरम आहे का?” असं विचारा. छोट्या केंद्रात लस असते पण सिरम असेलच असं नाही, आणि नसेल तर कुठे मिळेल ते लस घेऊन उठण्याआधीच विचारून घ्या. अंगठ्याभोवतीच्या लालीची कड पेनाने आखून ठेवा. संध्याकाळपर्यंत लाली रेषेबाहेर गेली तर उद्याची वाट न बघता परत जा.