आजारासाठी एक वाक्य पुरतं

प्रश्न: जुन्या दुखण्यामुळे नोकरी सोडतोय. साहेब आणि सहकारी फार चांगले आहेत, कटुता नको. राजीनाम्यात आजाराबद्दल किती लिहू?

मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर तरी बोटं वळत नाहीत आणि माझं काम हिशेबाचं, दिवसभर कीबोर्डवरचं. राजीनामा लिहायला बसले तेव्हा पहिला मसुदा दोन पानी झाला. तपासण्या, औषधं, रजा का वाढल्या, सगळं त्यात आलं. साहेबांना हे सगळं आधीच माहीत होतं. आणि पत्र साहेब एकदाच वाचतात, मग ते फाइलला लागतं. पुढे ती फाइल उघडणारा माणूस आपल्याला ओळखतही नसतो. म्हणून आजाराचं नाव पत्रात घालू नका. सांगावंसं वाटलं तर साहेबांना समोर बसून सांगा, तेही पत्र देण्याआधी.

शेवटी मी दिलेलं पत्र असं होतं:

"प्रकृतीच्या दीर्घकालीन कारणामुळे मी लेखापाल पदाचा राजीनामा देत आहे. माझा कामाचा शेवटचा दिवस १० जुलै असेल. तोपर्यंत जून महिन्याचा ताळमेळ पूर्ण करून प्रलंबित बिलांची यादी सहकाऱ्यांकडे सोपवीन. आजारपणात आपण कामाच्या वेळा सांभाळून दिल्या, त्याबद्दल मनापासून आभार."

आभाराचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी "सहकार्याबद्दल आभारी आहे" एवढंच होतं. पण साहेबांनी सहा महिने मला अकरा वाजता येऊ दिलं होतं, तेच लिहायला हवं होतं. तुमच्यासाठी कुणी नेमकं काय केलं ते लिहा, आपलेपणा त्यातूनच पोचतो.

"आता काम झेपत नाही" हे वाक्य मी खोडलं. ते खरंही नव्हतं; काम येत होतं, सलग आठ तास बसवत नव्हतं. उद्या अर्धवेळ काम मागायला गेलात तर हेच वाक्य आडवं येऊ शकतं. "बरी झाले की परत येईन" हेही काढलं, कारण या दुखण्यात चढउतार असतात आणि तसा शब्द देणं माझ्या हातात नव्हतं.

तारीख मात्र घाईने टाकू नका. शिल्लक रजा, बिनपगारी रजा किंवा कमी तास मिळतात का, हे आधी विचारा; एकदा राजीनामा मंजूर झाला की हे दरवाजे बहुतेक बंद होतात. कंपनीचा आरोग्य विमा असेल तर तो कोणत्या दिवशी संपतो, हे एचआरकडून लेखी घ्या. माझा शेवटच्या दिवसाबरोबर संपणार होता आणि तपासणी ५ जुलैला होती, म्हणून ३० जूनऐवजी १० जुलै लिहिली.

नोटिशीचा पूर्ण काळ भरणं शक्य नसेल तर पत्रातच "अमुक तारखेला कार्यमुक्त करावे ही विनंती" असं लिहा. डॉक्टरांचा दाखला मागितला तरच द्या, आणि त्यात आजाराच्या नावाऐवजी फक्त "विश्रांतीची गरज" एवढंच लिहून मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा.