वर्गात चित्रपटाची क्लिप: परवानगी कुठे लागत नाही आणि कुठून लागते

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवते. द्वितीय वर्षाला साहित्यकृतीचं माध्यमांतर हा घटक आहे. त्यासाठी दहाएक वर्षांपूर्वीच्या एका मराठी चित्रपटातला पावणेचार मिनिटांचा प्रसंग कापून वर्गात दाखवला आणि गुगल क्लासरूमवरही ठेवला. त्या तासाचं रेकॉर्डिंग विभागाच्या यूट्यूब चॅनलवर टाकलं. आता निर्मात्याच्या तक्रारीवरून व्हिडिओ निघाला आणि चॅनलला स्ट्राइक लागला. प्राचार्य म्हणतात, यापुढे लेखी परवानगीशिवाय वर्गातसुद्धा क्लिप दाखवायची नाही. सहकारी म्हणतात, तीस सेकंदांपर्यंत चालतं. नक्की काय धरायचं? पुढच्या सत्रात बाहेरच्यांसाठी सशुल्क ऑनलाइन कोर्स काढायचाही विचार आहे.

उत्तर: मॅडम, आधी तीस सेकंदांचं बघू, कारण त्या समजुतीने दोन्हीकडून नुकसान होतं. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सेकंदांची कुठलीही मर्यादा नाही. तीस सेकंदांच्या आत असलं म्हणून काही आपोआप चालत नाही आणि चार मिनिटं झाली म्हणून आपोआप गुन्हाही होत नाही. कायदा विचारतो ते वेगळंच: तुकडा कोणी कापला, कशासाठी कापला आणि तो कोण बघतंय? यातला शेवटचा प्रश्न तुमच्या प्रकरणात निर्णायक आहे.

वर्गापुरतं बोलायचं तर प्राचार्यांची भीती अनाठायी आहे. कलम ५२(१)(आय) नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली कोणत्याही कृतीची प्रत हा हक्कभंग ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीआधी ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरतीच होती. दुरुस्तीने तिथे ‘कोणतीही कृती’ असे शब्द आले आणि चित्रपटही त्यात आला. जुन्या पुस्तकांतून कायदा वाचलेले लोक अजूनही चित्रपट चालत नाही असं सांगतात, त्याचं कारण हे. म्हणजे तुमचं क्लिप कापणं या कलमात बसतं. ती पडद्यावर दाखवण्याला पुढचं कलम ५२(१)(जे) आधार देतं: शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात चित्रपट दाखवता येतो, फक्त प्रेक्षक संस्थेचे शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच हवेत. या कलमाला पूर्ण चित्रपटसुद्धा चालतो. स्नेहसंमेलनात पालकांसमोर दाखवला तरी हरकत नाही, पण त्याच पडद्यापुढे सगळ्या गावाला बोलावलं की सवलत संपली.

या दोन कलमांमधला फरक नीट धरा. (आय) फक्त प्रत करण्याबद्दल बोलतं, ती कोणापर्यंत पोहोचवायची याबद्दल नाही. पोहोचवणं येतं (जे) मध्ये, आणि तिथे प्रेक्षकांची कुंपणरेषा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या. एक, अध्यापन म्हणजे फक्त तासाची पन्नास मिनिटं नव्हेत, तर शिकवण्याची सगळी प्रक्रिया. दोन, शिकवण्यासाठी जेवढं गरजेचं तेवढं घेता येतं, टक्केवारीची अट नाही. हे प्रकरण पुस्तकांच्या पानांचं होतं आणि तो निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. तरी (आय) चा अर्थ लावताना आपल्याकडचा वकील सगळ्यात आधी त्याचाच आधार घेईल.

त्यामुळे गुगल क्लासरूमवर ठेवलेली फाइल टिकते, पण सेटिंग तपासा. नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांनाच ती दिसायला हवी. बऱ्याचदा फाइल ड्राइव्हवर असते आणि तिथे ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असा पर्याय सुरू राहतो. मग क्लासरूमचा दरवाजा बंद असून उपयोग नाही, खिडकी उघडीच. तो पर्याय ‘मर्यादित’ करा, डाउनलोड बंद करा आणि त्या घटकाची परीक्षा झाली की फाइल काढून टाका. व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिप टाकू नका. तिथे प्रत्येकाच्या फोनमध्ये प्रत उतरते, पुढे कुठे जाते यावर तुमचा ताबा राहत नाही आणि प्रेक्षक मर्यादित होते हे नंतर सिद्ध करता येत नाही. वर्षानुवर्षं साठणारी विभागाची ‘क्लिप बँक’ हाही असाच धोका. विशिष्ट अभ्यासक्रमाशी नातं तुटलं की अध्यापनाच्या ओघातली प्रत हा बचाव ढिला पडतो.

क्लिप कुठून घेतली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. (आय) मध्ये मूळ प्रत कायदेशीर असावी असे शब्द नाहीत. पण चोरट्या वेबसाइटवरून घेतलेल्या फाइलवर उभं राहून प्रामाणिक शैक्षणिक वापराचा दावा करणं न्यायालयात जड जातं. विकत घेतलेली डीव्हीडी किंवा निर्मात्याने स्वतः अपलोड केलेला चित्रपट हा चांगला स्रोत. डीव्हीडी किंवा ओटीटीचं डिजिटल कुलूप फोडण्याबद्दल कलम ६५ए आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी ते उघडलं, तर हे कलम आड येत नाही. मात्र तुमच्यासाठी ते काम संगणक प्रयोगशाळेतल्या कोणी केलं, तर त्याने तुमचं नाव, पत्ता आणि तपशील यांची नोंद ठेवली पाहिजे, अशी अट त्याच कलमात आहे. ही वही बहुतेक महाविद्यालयांत नसते. आजच सुरू करा. ओटीटीच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. सदस्यत्व घेताना ‘वैयक्तिक वापरासाठी’ अशी अट तुम्ही मान्य केलेली असते. कॉपीराइटची सवलत मिळाली तरी तो करार मोडल्याचा प्रश्न उरतो, म्हणून वर्गासाठी डीव्हीडी बरी.

आता यूट्यूब. चॅनल सगळ्या जगाला खुलं असल्याने (जे) तिथे संपतं. ‘अनलिस्टेड’ ठेवलं असतं तरी फार फरक पडला नसता, कारण लिंक मिळेल तो बघू शकतो. तिथे उरतो एकच आधार, कलम ५२(१)(ए) मधला समीक्षेसाठीचा न्याय्य वापर. त्यात न्यायालयं साधारणपणे तीन गोष्टी पाहतात: भाष्याच्या मानाने किती घेतलं, हेतू काय आणि मूळ कृतीशी त्याची स्पर्धा होते का. पावणेचार मिनिटांचा प्रसंग सलग चालला, खाली पार्श्वसंगीतही पूर्ण वाजलं आणि चर्चा त्यानंतर सुरू झाली असेल, तर पहिल्याच कसोटीवर तुमची बाजू लंगडी आहे. कोणी फक्त तो प्रसंग बघून निघून जाऊ शकतो.

म्हणून व्हिडिओ परत लावण्याची मागणी करणारं काउंटर नोटिफिकेशन यूट्यूबला देऊ नका. ते कायदेशीर निवेदन असतं. तुमचं नाव-पत्ता तक्रारदाराकडे जातो आणि त्याला दावा दाखल करायला अमेरिकेतले दहा कामकाजाचे दिवस मिळतात. व्हिडिओ तुम्ही स्वतः डिलीट करूनही स्ट्राइक जात नाही. दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, नोटिशीत तक्रारदाराचं नाव आणि ईमेल असतो, त्यावर लिहून चूक दुरुस्त करत असल्याचं कळवा आणि तक्रार मागे घेण्याची विनंती करा. दुसरा, यूट्यूबचं कॉपीराइट प्रशिक्षण पूर्ण करून नव्वद दिवस थांबा, पहिला स्ट्राइक त्यानंतर उतरतो. तोवर दुसरा लागू देऊ नका. तीन झाले तर चॅनलच बंद होऊ शकतं.

नवं संकलन असं करा. प्रसंगातले तीन-चार शॉट निवडा, प्रत्येक पंधरा-वीस सेकंदांचा, आणि प्रत्येकावर लगेच तुमचं बोलणं सुरू होऊ द्या: कादंबरीत हा संवाद नाही, इथे तो का आला, कॅमेरा कोणाच्या बाजूने आहे. बाकीचं स्थिरचित्र आणि संवादाची संहिता यांवर भागवा. पार्श्वसंगीताचा आवाज बंद करा. संगीताचे हक्क बहुधा वेगळ्या कंपनीकडे असतात आणि यूट्यूबची आपोआप ओळखणारी यंत्रणा आधी संगीतच पकडते. चित्रपट, दिग्दर्शक आणि निर्माता यांचा उल्लेख पडद्यावर ठेवा. एवढं करूनही यंत्रणेकडून ‘क्लेम’ आला तर घाबरू नका. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. त्यावर हरकत घेता येते आणि तक्रारदाराला उत्तरासाठी तीस दिवस असतात.

पूर्ण प्रसंगच जगापुढे ठेवायचा असेल, किंवा सशुल्क कोर्स काढायचा असेल, तर परवाना घ्यावाच लागेल. पैसे भरणारे बाहेरचे लोक तुमच्या पटावरचे विद्यार्थी नाहीत आणि विकलं जाणारं रेकॉर्डिंग वर्गाच्या कुंपणात येत नाही. महाविद्यालयाने रीतसर प्रवेश देऊन, पटावर नाव घालून, लॉगिनच्या आत थेट तास घेतला तर (जे) चा दावा बऱ्यापैकी उभा राहतो. मात्र रेकॉर्डिंग विकायचं असेल तर तो सोडा.

परवाना मागायचा तो निर्मात्याकडे. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे, आणि म्हणून दिग्दर्शकाचा ‘वापरा की’ असा फोन पुरत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉर प्रमाणपत्र दिसतं, त्यावर निर्मात्याचं नाव असतं. हक्क पुढे वाहिनीला किंवा ओटीटीला विकले आहेत का, हे पहिल्याच पत्रात विचारा. पत्रात चित्रपटाचं नाव, प्रसंग कोणत्या मिनिटा-सेकंदापासून कोणत्यापर्यंत, संगीतासह की संगीताशिवाय, कोणत्या व्यासपीठावर, शुल्क घेणार की नाही आणि उत्पन्न किती अपेक्षित, हे लिहा. मुदत आणि प्रदेश आवर्जून लिहा. लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं गृहीत धरतो, आणि यूट्यूब किंवा ऑनलाइन कोर्स तर परदेशातही दिसतो. कलम ३० प्रमाणे परवाना लेखी हवा, सहीच हवी असं नाही. अधिकार असलेल्या व्यक्तीचा स्पष्ट ईमेल चालतो, पण तो अधिकार त्या व्यक्तीकडे आहे हे विचारून घ्या. उत्तर आलं नाही म्हणजे संमती, असं कधीच होत नाही.

कोर्ससाठी आणखी एक वाट आहे. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं चालतो. ‘श्यामची आई’ १९५३ चा, म्हणून चित्रपट म्हणून त्याचा हक्क ३१ डिसेंबर २०१३ ला संपला. साने गुरुजींचं निधन १९५० चं, त्यामुळे मूळ पुस्तकही २०११ पासून मुक्त आहे. माध्यमांतर शिकवायला ही जोडी उत्तम. मात्र संगीताची आणि पटकथा-संवादांची गणना वेगळी होते. वसंत देसाईंचं निधन १९७५ चं असल्याने त्यांच्या चालींचा हक्क २०३५ च्या अखेरपर्यंत आहे. म्हणून कोर्ससाठी प्रसंग निवडताना गाणी सोडा, संवाद वापरण्याआधी त्यांचे हक्क कोणाकडे आहेत ते विचारून घ्या, आणि एखाद्या कंपनीने नव्याने रंगवलेली किंवा दुरुस्त केलेली आवृत्ती न वापरता जुन्या प्रिंटवरूनच तुकडा कापा.