मेकर-टेकर फी : उलाढाल वाढवून खरंच पैसे वाचतात का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. 2,000 डॉलर घेऊन आठवड्यातून एक-दोनदा बिटकॉइन घेतो आणि विकतो, नेहमी मार्केट ऑर्डरने. महिन्याची उलाढाल 28,000 डॉलरच्या आसपास होते. 50,000 झाली की फीचा दर बराच खाली येतो. थोडे जास्त ट्रेड करून त्या टप्प्यात जावं का?

तुमची उलाढाल सध्याएवढी असताना त्या टप्प्यामागे जाऊ नका. त्याहून जास्त बचत, एकही ट्रेड न वाढवता, ऑर्डर देण्याची पद्धत बदलून होते. आकडेमोड करून दाखवतो. दर क्राकेन प्रोच्या 2024 मधल्या तक्त्यातले घेतो, कारण तुमचे टप्पे त्याच्याशी जुळतात. तुमच्या एक्स्चेंजचा आजचा तक्ता उघडून तेच गणित पुन्हा करा, कारण हे दर बदलत राहतात.

त्या तक्त्यात मागच्या 30 दिवसांची उलाढाल 10,000 डॉलरच्या वर असेल तर मेकरला 0.20 टक्के आणि टेकरला 0.35 टक्के. 50,000 च्या वर गेलात की 0.14 आणि 0.24. उलाढालीत खरेदी आणि विक्री दोन्ही धरतात, म्हणून 2,000 डॉलरची एक पूर्ण फेरी म्हणजे 4,000 ची उलाढाल. तुमच्या महिन्याला अशा सात फेऱ्या होतात.

मार्केट ऑर्डर लगेच जुळते, म्हणून तुम्ही टेकर ठरता. 28,000 वर 0.35 टक्के म्हणजे 98 डॉलर. दर पाहिला तर चिल्लर वाटतो, पण ही फी तुमच्या 2,000 डॉलरच्या भांडवलातून जाते. म्हणजे दर महिन्याला 4.9 टक्के. एकाच फेरीपुरतं पाहायचं तर 60,000 ला घेतलेलं बिटकॉइन साधारण 60,420 ला विकलं तरच फी सुटते. त्याच्या खाली भाव वाढलेला दिसला तरी तुम्ही तोट्यातच असता. फीचा दर आणि तुमचं भांडवल महिन्यात किती वेळा फिरतं, या दोघांचा गुणाकार हाच तुमचा खरा खर्च. तुमचं भांडवल चौदा वेळा फिरतं.

आता वरच्या टप्प्याचं पाहू. 50,000 वर 0.24 टक्के म्हणजे 120 डॉलर. दर कमी झाला, पण बिल 98 वरून 120 वर गेलं. तेही टप्पा गाठल्यानंतरच्या महिन्यांत. आधी तिथवर पोचायला वरचे 22,000 जुन्याच दराने, म्हणजे 77 डॉलर देऊन करावे लागतील. नवा दर पुढच्या ट्रेडना लागतो, आधी भरलेली फी परत मिळत नाही. शिवाय 30 दिवसांची खिडकी रोज पुढे सरकते. जुने ट्रेड त्यातून बाहेर पडले की टप्पाही जातो, म्हणून ती जादा उलाढाल दर महिन्याला करत राहावी लागते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही जणांना हे गणित उलटं लागू होतं. 120 ला 0.35 टक्क्यांनी भागलं तर साधारण 34,300 येतात. ज्याची उलाढाल मुद्दाम न वाढवता या आकड्याच्या वर आहे, त्याला 50,000 पर्यंत ताणल्यावर एकूण फी खरोखर कमी बसते. पण तेव्हाही प्रत्येक जादा ट्रेडमध्ये खरेदीभाव आणि विक्रीभावातली फट भरावी लागते आणि पैसा बाजारात असतो तेवढा वेळ भाव पडण्याची जोखीम असते. स्वतःच स्वतःला विकून उलाढाल फुगवायचा विचार मनात आणू नका. त्याला बंदी असते आणि खातं गोठू शकतं.

आता मेकरकडे वळू. ऑर्डर बुकात, म्हणजे न जुळलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरच्या यादीत, आधीपासून पडून असलेली ऑर्डर उचलणारा तो टेकर. आपली ऑर्डर बुकात ठेवून समोरच्याची वाट पाहणारा तो मेकर. एक्स्चेंजला बुक भरलेलं हवं असतं, म्हणून मेकरला स्वस्त दर. तुमचे 28,000 सगळे मेकर म्हणून झाले तर 0.20 टक्क्यांनी 56 डॉलर होतात. 50,000 च्या टप्प्यातल्या टेकरलाही 0.24 टक्के पडतात, तुम्ही खालच्या टप्प्यात राहून त्याच्यापेक्षा स्वस्तात ट्रेड करता.

इथे बहुतेकांची चूक होते. लिमिट ऑर्डर दिली म्हणजे आपण मेकर झालो, असं त्यांना वाटतं. विक्रीचा सर्वांत स्वस्त भाव 60,000 असताना तुम्ही 60,010 ला खरेदीची लिमिट लावली, तर ती लगेच जुळते आणि टेकरची फी लागते. यासाठी ऑर्डरच्या खिडकीत Post Only असा पर्याय असतो. तो निवडला की लगेच जुळणारी ऑर्डर एक्स्चेंज स्वीकारतच नाही. मी पहिले काही महिने हा पर्याय पाहिलाच नव्हता, आणि माझ्या जवळजवळ निम्म्या लिमिट ऑर्डर टेकर म्हणून गेल्या होत्या.

मेकर होण्याची किंमत फीच्या तक्त्यात दिसत नाही. समजा, भाव 60,000 आहे आणि तुम्ही 59,900 ला खरेदी लावून बसलात. भाव घसरला तर ऑर्डर हमखास भरते. भाव थेट 60,600 ला गेला तर तुम्ही काठावरच राहता. 2,000 डॉलरच्या खरेदीवर मेकर होऊन वाचतात 3 डॉलर, आणि हातची गेलेली एक टक्क्याची चढण 20 डॉलरची असते. म्हणजे अशी एक चढण निसटली की जवळपास सात खरेद्यांची बचत गेली. तुम्ही भाव वर फुटल्यावर घेणारे असाल तर मेकर ऑर्डर नेमके तुमचे चांगले ट्रेडच चुकवेल. घसरणीत घेणारे असाल तर ती तुमच्या स्वभावाला जुळते.

स्टॉप-लॉसला मात्र फी वाचवायला जाऊ नका. तो बहुतेक वेळा मार्केट ऑर्डर होऊन टेकर दराने जातो, आणि तसाच जाऊ द्यावा. पडत्या भावात लिमिट लावून थांबलात तर वाचलेल्या 3 डॉलरसाठी 100 जाऊ शकतात. म्हणून मी साधारणपणे खरेदी मेकर, विक्री टेकर असं धरतो. तुमच्या आकड्यांवर ते 28 आणि 49 मिळून 77 डॉलर होतात, 98 च्या जागी.

भारतातून ट्रेड करणारे मित्र हे वाचत असतील तर त्यांचं चित्र वेगळं आहे. तिथे 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस कापला जातो. तुमच्याइतक्याच उलाढालीत 14,000 डॉलरची विक्री असते, म्हणजे महिन्याला 140 डॉलर अडकतात. विवरणपत्र भरताना त्यांची वजावट मिळते, पण तोवर ते भांडवलातून गेलेले असतात. नफ्यावर 30 टक्के कर लागतो आणि तो काढताना फी वजा करता येत नाही. फीवर 18 टक्के जीएसटी असतो तो वेगळाच. अशा वेळी टप्प्याने वाचणाऱ्या दशांश टक्क्याला फारसा अर्थ उरत नाही. फेऱ्या कमी करणं एवढाच उपाय राहतो.

स्वतःचा खरा दर काढायला एक्स्चेंजवरून ट्रेडचा इतिहास CSV मध्ये उतरवून घ्या. क्राकेनच्या फाइलमध्ये `cost` आणि `fee` हे रकाने असतात. शीटमध्ये ते B आणि C मध्ये असतील तर :

```
=SUM(C2:C500)/SUM(B2:B500)
```

आकडा 0.0035 आला तर तुम्ही पूर्ण टेकर आहात, 0.0020 आला तर पूर्ण मेकर. शेजारी एक रकाना हाताने भरा : लावलेल्या पण न भरलेल्या ऑर्डर, आणि त्यानंतर दिवसभरात भाव कुठे गेला. दोन महिन्यांनी तो रकाना फीच्या बचतीशेजारी ठेवून पाहा. मी तसं केल्यावर खरेदीसाठी मेकर ठेवला आणि माझी ऑर्डर भावाच्या बरीच जवळ आणली.